पाळी गेल्यानंतर लघवीची घाई आणि पुन्हा पुन्हा होणारं इन्फेक्शन

प्रश्न: माझं वय ५९, पाळी जाऊन आठ वर्षं झाली. गेल्या वर्षभरात लघवीच्या इन्फेक्शनसाठी पाच वेळा अँटिबायोटिक घेतलं. कल्चर दोनदाच केलं: एकदा ई. कोलाय आला, एकदा ‘मिश्र वाढ’ असं लिहून आलं. मधल्या दिवसांतही घाई एवढी की बाथरूमपर्यंत पोचायच्या आत थेंब निसटतात. आता डॉक्टरांनी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलंय, पण आतल्या कागदावर स्तनाचा कर्करोग, पक्षाघात असं काय काय लिहिलंय. त्रास मूत्राशयाचा आणि औषध योनीत, हे कसं? लावावं का?

उत्तर: लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोनच गोष्टी आधी डॉक्टरांना सांगा: पाळी गेल्यानंतर कधी अंगावरून रक्त गेलं असेल तर, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा त्याच्या गोळ्या चालू असतील तर. या दोन्हींवर पुढे लिहिलं आहे. पण क्रीमकडे वळण्याआधी तुमचा एकच वाटणारा त्रास मुळात दोन आहेत हे समजून घ्यायला हवं. इन्फेक्शन हा एक, घाई हा दुसरा. मूळ बरंचसं एक असलं तरी दोघांची वाट वेगळी आहे आणि क्रीमचा गुण दोन्हींवर सारखा येत नाही.

योनीत लावलेलं औषध मूत्राशयाला कसं लागू पडतं, ते आधी. गर्भात बाळाची घडण होत असताना योनीचा खालचा भाग, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा बराचसा भाग एकाच पोकळीतून तयार होतो. म्हणून योनीप्रमाणेच मूत्रमार्गाच्या आणि मूत्राशयाच्या तळाच्या पेशीही इस्ट्रोजेन ओळखतात आणि ते कमी झालं की त्याही पातळ होतात. पाळी चालू असताना योनीचं अस्तर जाड असतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे योनीचा पीएच साधारण ३.५ ते ४.५ राहतो. एवढ्या आंबट जागी आतड्यातून येणाऱ्या ई. कोलायला बस्तान बसवता येत नाही.

इस्ट्रोजेन घटलं की हे सगळं क्रमाने ढासळतं. अस्तर पातळ होतं, साखर संपते, लॅक्टोबॅसिलस निघून जातात आणि पीएच ५ च्या वर, कित्येकींत ६ ते ७ पर्यंत जातो. मग गुदद्वाराकडून आलेले जंतू योनीच्या तोंडाशी कायमचे मुक्कामाला राहतात. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो आणि त्याचं तोंड योनीच्या अगदी वर. तेव्हा मूत्राशयात शिरायला त्यांना फार लांब जावं लागत नाही. मूत्राशयाचं आतलं अस्तरही या काळात कमजोर होतं. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली तिथल्या पेशी जंतूंना मारणारी प्रथिनं बनवतात आणि एकमेकींना घट्ट धरून असतात. तो प्रभाव गेला की जंतूंना पेशींना चिकटणं आणि आत शिरणं सोपं जातं. अँटिबायोटिक या वेळचे जंतू मारतं, पण दार उघडंच राहतं; शिवाय ते उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही मारतं. त्यामुळे एका कोर्सनंतर काही आठवड्यांत दुसरं इन्फेक्शन आलं, तर पहिलं औषध कुचकामी होतं असं मानायचं कारण नाही.

घाईचं गणित थोडं वेगळं. मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांची मऊ गादी असते. ती फुगीर असली की मार्ग नीट मिटतो. इस्ट्रोजेनअभावी ती चपटी होते. मूत्राशयाच्या तळाचा त्रिकोणी भाग आणि मूत्रमार्ग कोरडे, हळवे होतात आणि थोडीशी लघवी साठली तरी ‘भरलं’ असा निरोप वर पाठवतात. पण यात वयाचाही वाटा आहे: मूत्राशयाचा स्नायू वयाबरोबर आपोआप आकसायला लागतो, त्याला आवरणारी मेंदूची पकड थोडी सैल होते, आणि वर्षानुवर्षं ‘निघायच्या आधी जाऊन येऊ’ म्हणत लावलेली सवयही असते. म्हणूनच क्रीमने इन्फेक्शन चांगलं आटोक्यात येतं, घाई मात्र अर्धीमुर्धी कमी होते. हे आधीच माहीत असलं की दोन महिन्यांनी ‘उपयोग नाही’ म्हणून ट्यूब कपाटात जात नाही.

आता तुमच्या पाच कोर्सेसकडे बघू. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन खरी इन्फेक्शन्स झाली, तर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. ‘खरी’ म्हणजे त्रासही आहे आणि कल्चरमध्ये एकच जंतू पुरेशा संख्येने वाढलाय. या मापाने तुमचं एकच इन्फेक्शन सिद्ध होतं, ई. कोलाय आलेलं. बाकी तीन वेळांबद्दल आज काहीच सांगता येत नाही. आणि ‘मिश्र वाढ’ हा बहुतेक वेळा नमुना बाहेरच्या त्वचेला किंवा योनीला लागून आल्याचा पुरावा असतो. त्या रिपोर्टवर दिलेलं अँटिबायोटिक मी तरी दिलं नसतं; कल्चर परत मागवलं असतं.

रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स’ वाढलेल्या दिसल्या की घाबरगुंडी उडते. पाळी गेलेल्या बाईच्या लघवीत त्या इन्फेक्शन नसतानाही सापडतात, कारण योनीचं कोरडं, सुजलेलं अस्तरच त्या सोडत असतं. त्याच रिपोर्टात ‘एपिथेलियल सेल्स’ पुष्कळ असतील तर नमुना स्वच्छ नव्हता असं समजायचं. याहून महत्त्वाचं म्हणजे, काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं या वयात अगदी सर्रास दिसतं आणि त्यावर उपचार करायचे नसतात. केल्याने पुढचं इन्फेक्शन टळत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. म्हणून बरं वाटत असताना ‘गेलं का बघू’ म्हणून कल्चर करूच नका.

खरं इन्फेक्शन ओळखायचं कसं? ते बहुधा एक-दोन दिवसांत अंगावर येतं. काल ठीक होतं, आज लघवी होताना आत जळतं, दर पंधरा मिनिटांनी जावंसं वाटतं, चमचाभर होते, ओटीपोटात दुखतं, कधी लघवी लालसर दिसते. कोरडेपणाचा त्रास याउलट महिनोन्‌महिने रेंगाळतो, कमीजास्त होत राहतो. जळतं ते बाहेर, लघवी त्वचेला लागते तिथे. चालताना, बसताना, संबंधांच्या वेळीही खुपतं. आपल्याकडे दोन्हींना ‘उन्हाळे लागले’ म्हणतात आणि दोन्हींवर एकच औषध आणलं जातं. पाणी भरपूर प्यायल्यावर एका दिवसात बरं वाटलं, तर ते इन्फेक्शन होतंच असं नाही. नुसता वास येणं किंवा रंग गडद होणं यावरून तर काहीच ठरवू नये.

नमुना देतानाही थोडी काळजी घ्या. आधी पाण्याने बाहेरचा भाग धुवा, दोन बोटांनी ओठ बाजूला धरा, सुरुवातीची लघवी जाऊ द्या आणि मधली धार डबीत घ्या. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वाटेतच जंतू वाढतात. आणि हे सगळं अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी. गोळी घेऊन दिलेल्या नमुन्याचं कल्चर निर्दोष आलं तरी त्याला अर्थ नाही.

क्रीमबद्दल बोलायचं तर या उपचाराचा भक्कम आधार १९९३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. पाळी गेलेल्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या ९३ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रिऑल या प्रकारच्या इस्ट्रोजेनचं क्रीम आणि काहींना औषधाविना तसंच दिसणारं क्रीम दिलं. मात्रा ०.५ मिलिग्रॅम, दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा, आठ महिने. साधं क्रीम लावणाऱ्यांत दर बाईमागे वर्षाला सरासरी ५.९ इन्फेक्शन्स झाली, इस्ट्रिऑल लावणाऱ्यांत ०.५. महिनाभरात त्यांच्यापैकी ६१ टक्के स्त्रियांत लॅक्टोबॅसिलस परतले आणि योनीचा सरासरी पीएच ५.५ वरून ३.६ वर आला. पुढच्या चाचण्यांत फरक सगळीकडे एवढा घसघशीत दिसला नाही, पण दिशा तीच राहिली. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी मात्र इन्फेक्शन कमी झाल्याचं दिसलेलं नाही, आणि थेंब निसटण्याचा त्रास तर त्यांनी वाढू शकतो. म्हणजे इथे औषध जागेवरच लावायला हवं.

लावायची पद्धत आजही जवळपास तीच आहे: दोन आठवडे रोज झोपताना, मग आठवड्यातून दोन ठरलेल्या रात्री. वार पक्के करून टाका, नाहीतर विसर पडतो. क्रीमची तीव्रता कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून ‘अर्धा ग्रॅम’ की ‘एक ग्रॅम’ हे तुमच्या ट्यूबवर बघून डॉक्टरांकडून लिहून घ्या. नळीने आत सोडताना ती पार टोकापर्यंत ढकलायची गरज नाही, साधारण बोटाच्या दोन पेरांइतकी पुरे. नळी नको असेल तर बोटावर घेऊन योनीच्या पुढच्या भिंतीला लावा, कारण तिच्या पलीकडेच मूत्रमार्ग आहे, आणि थोडं मूत्रमार्गाच्या तोंडाशी लावा. पहिले काही दिवस किंचित जळजळतं. हे औषध सोसत नसल्याचं लक्षण बहुधा नसतं. पातळ त्वचेवर काहीही लावलं तरी झोंबतं, आणि त्वचा जाड झाली की ते थांबतं. चिकटपणा नकोसा वाटत असेल तर इस्ट्राडिऑलची १० मायक्रोग्रॅमची योनीत ठेवायची बारीक गोळी मिळते, वेळापत्रक तेच.

आता त्या कागदाची भीती. त्यावरचे इशारे मुख्यतः २००२ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीतून आले आहेत. तिच्यातल्या स्त्रिया रोज तोंडाने इस्ट्रोजेन, आणि बहुतेक जणी सोबत प्रोजेस्टोजेन हे दुसरं हार्मोनही घेत होत्या. ते औषध यकृतातून सगळ्या शरीरात जातं. योनीतल्या १० मायक्रोग्रॅमच्या गोळीचा हिशोब करून बघा: पहिले चौदा दिवस रोज आणि मग आठवड्यातून दोन, म्हणजे पहिल्या वर्षात साधारण ११४ गोळ्या, एकूण १.१४ मिलिग्रॅम. तोंडाने घ्यायची साधी इस्ट्राडिऑलची गोळी १ मिलिग्रॅमची असते आणि ती रोज घेतात. म्हणजे इथली वर्षाची मात्रा तिथल्या जेमतेम एका दिवसाची. ठरलेल्या मात्रेत रक्तातलं इस्ट्रोजेन पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीतच राहतं, आणि योनीत औषध वापरणाऱ्या हजारो स्त्रियांच्या दीर्घ निरीक्षणांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात किंवा रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या नाहीत. मात्र हे सगळं कमी मात्रेबद्दल आहे. ‘जास्त लावलं तर लवकर बरं वाटेल’ म्हणून रोज नळीभर क्रीम लावत राहिलं तर हा हिशोब लागू होत नाही.

अपवाद तेच दोन. अंगावरून रक्त गेलं असेल तर आधी सोनोग्राफी करून गर्भाशयाचं अस्तर तपासायचं, क्रीम नंतर. क्रीम लावताना रक्त दिसलं तरी तपासणी चुकवायची नाही. आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी ओलावा देणारे, हार्मोन नसलेले जेल वापरून बघायचे. विशेषतः लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल अशा गोळ्या चालू असतील तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इस्ट्रोजेन सुरू करू नये, कारण त्या गोळ्यांचं कामच शरीरातलं इस्ट्रोजेन शून्याजवळ नेणं असतं.

माझ्या एका रुग्ण बाईंचं उदाहरण सांगते, तुमच्या कहाणीशी जुळणारं. वय ६२, आठ महिन्यांत दोन इन्फेक्शन्स कल्चरने सिद्ध झालेली, दोन्ही ई. कोलाय. शिवाय दिवसात १३ वेळा लघवी, रात्री दोनदा, दाराला किल्ली लावताना हमखास घाई. मी त्यांना तीन दिवस मोजपात्रात लघवी मोजून वेळेसह लिहायला सांगितलं. दिवसा प्रत्येक वेळी ७० ते १५० मिलिलिटर, पण सकाळी उठल्यावरची पहिली ३८०. हा आकडा फार बोलका होता: मूत्राशयात साडेतीनशेच्या वर लघवी मावते, म्हणजे ते लहान झालेलं नाही, दिवसा ते उगीच लवकर हाका मारतंय. सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर ४० मिलिलिटर उरत होती, म्हणजे मूत्राशय रिकामं होत होतं. ती दीडशेच्या वर उरली असती तर शोध वेगळ्या दिशेने गेला असता. योनीचा पीएच पट्टीवर ६.५ आला.

इस्ट्रिऑल सुरू केलं. पाचव्या आठवड्यात त्यांना पुन्हा इन्फेक्शन झालं, कल्चरमध्ये ई. कोलाय. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक पाच दिवस दिलं आणि त्या क्रीम बंद करायला निघाल्या. याच टप्प्यावर बहुतेक जणी सोडतात. पण अस्तर जाड व्हायला आणि जंतूंची वस्ती बदलायला आठ ते बारा आठवडे लागतात. त्याआधी आलेलं इन्फेक्शन म्हणजे उपचार फसला असं नव्हे. क्रीम चालू ठेवलं. तिसऱ्या महिन्याअखेर पीएच ४.५ झाला आणि त्यानंतर वर्षभर इन्फेक्शन आलं नाही. मग ‘आता बरी आहे’ म्हणून त्यांनी स्वतःहून क्रीम थांबवलं आणि चार महिन्यांत मूळपदावर आल्या. यात नवल नाही. इस्ट्रोजेन परत येत नाही, त्यामुळे हा चष्म्यासारखा कायम वापरायचा उपाय आहे.

घाईसाठी त्यांना वेगळं काम दिलं. वेळापत्रक नेहमीच्या अंतराचं, म्हणजे सुरुवातीला तासातासाने जायचं, आणि दर आठवड्याला अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. मधेच घाई आली तर पळायचं नाही. पळाल्याने पोटावर दाब येतो आणि नेमका तेव्हाच थेंब सुटतो. जागीच थांबायचं किंवा बसायचं, लघवी रोखताना आवळतो तसे कटितळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटकन आवळून सोडायचे, घाईची लाट ओसरू द्यायची आणि मग सावकाश जायचं. या आवळण्याने मूत्राशयाच्या स्नायूला ‘थांब’ असा उलटा संदेश जातो. बारा आठवड्यांनी त्यांच्या दिवसातल्या फेऱ्या १३ वरून ८ वर आल्या. रात्रीची एक फेरी राहिली आणि कधीतरी थेंब सुटतोच, पण बाहेर पडताना पॅड लावायची त्यांची सवय गेली.

एवढ्याने भागलं नाही तर गोळ्या आहेत. ऑक्सिब्युटिनिन आणि त्या कुळातल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि वय वाढेल तशी विसरभोळेपणाची शंका येते. म्हणून साठीच्या पुढे मी मिराबेग्रॉनकडे आधी वळते. त्याने रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा तो मोजून सुरू करायचं. पण लघवीला नेणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा साखर लघवीतून बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या आधीच चालू असतील, तर घाईचं खापर मूत्राशयावर फोडण्यापूर्वी त्या यादीवर नजर टाका. मधुमेहाच्या त्या गोळ्यांनी योनीला बुरशीही लागते आणि तिची जळजळ हुबेहूब इन्फेक्शनसारखी वाटते.

क्रीम तीन-चार महिने नीट लावूनही सिद्ध झालेली इन्फेक्शन्स येत राहिली तर कारण शोधायला हवं: साखर, खडा, लघवी उरणं, किंवा अंग बाहेर येण्यामुळे मूत्राशय खाली ओघळून त्यात लघवी साचणं. कारण सापडलं नाही तर लगेच महिनोन्‌महिने रोजच्या अँटिबायोटिकवर जाण्याआधी मेथेनामाइन हिप्युरेट, १ ग्रॅम दिवसातून दोनदा, हा चांगला पर्याय आहे. ते आम्लधर्मी लघवीत फुटून जंतुनाशक बनतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ते रोजच्या अँटिबायोटिकपेक्षा फारसं कमी पडलं नाही. मूत्रपिंड किंवा यकृत फार कमजोर असेल तर मात्र चालत नाही.

पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली की आधी नमुना द्या. त्रास सोसण्यासारखा असेल, ताप नसेल, तर वेदनाशामक गोळी आणि पाण्यावर दोन दिवस कल्चरची वाट बघायला हरकत नाही. त्रास जास्त असेल तर नमुना देऊन लगेच औषध सुरू करा आणि रिपोर्ट आल्यावर जुळतंय का ते पाहा. थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं किंवा उलट्या असतील तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत चढलेलं असू शकतं. आणि लघवीत रक्त दिसलं पण कल्चर निर्दोष आलं, किंवा औषधानंतरही रक्त राहिलं, तर युरॉलॉजिस्टकडून दुर्बिणीने मूत्राशय तपासून घ्या. या वयात त्याला कोरडेपणा समजून क्रीम लावत बसू नये.